स्क्रीनशॉटमधल्या भाडेकरारातून भाडं, वाढ, लॉक-इन आणि नोटीस कशी काढायची

प्रश्न: माझ्या मुलीने घणसोलीत मैत्रिणीबरोबर फ्लॅट भाड्याने घेतलाय. एजंटने कराराचे अकरा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवले, सगळं इंग्रजीत. आम्ही ठाण्यात राहतो. भाडं, लॉक-इन, नोटीस आणि दरवर्षीची वाढ एका साध्या तक्त्यात मांडायची आहे. जानेवारीत तिची पुण्याला बदली होऊ शकते. हे कसं करू?

उत्तर:

आधी पानं लावून घ्या, वाचायला नंतर बसा. फोनवर पीडीएफ सरकवत स्क्रीनशॉट काढताना दोन चित्रांच्या मधल्या तीन-चार ओळी सहज निसटतात. म्हणून प्रत्येक चित्राची शेवटची ओळ आणि पुढच्या चित्राची पहिली ओळ जोडून वाचा. वाक्य मधेच तुटत असेल तर तिथे काहीतरी राहिलंय. मग कलमांचे क्रमांक तपासा. आपल्याकडे ऑनलाइन नोंदणी होणाऱ्या लिव्ह अँड लायसन्स करारांचा साचा बराचसा ठरलेला असतो. सुरुवातीला कालावधी, मग लायसन्स फी म्हणजे भाडं आणि डिपॉझिट, पुढे मेंटेनन्स, वीजबिल, जागेचा वापर, त्यानंतर करार रद्द करण्याचं कलम, आणि शेवटाकडे लॉक-इन व इतर अटी. अकरा नंतर एकदम तेरा आलं, तर बारावं कलम मागवून घ्या. तुम्हाला हव्या असलेल्या चार गोष्टींपैकी तीन कराराच्या शेवटच्या भागात असतात, आणि लोक स्क्रीनशॉट काढताना नेमके तिथेच कंटाळलेले असतात.

दुसरी खात्री, हा नोंदलेला करार आहे की नुसता मसुदा. नोंदणी झालेल्या प्रतीबरोबर दस्त क्रमांक आणि वर्ष असतं, सही-अंगठ्यांची पानं असतात, मुद्रांक शुल्काचं चलन असतं आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडची दस्ताची थोडक्यात नोंद, असते. मसुद्यावर यातलं काही नसतं. एजंट बऱ्याचदा मंजुरीसाठी पाठवलेला मसुदाच पुढे ढकलतो आणि नंतर त्यात एखादा आकडा बदललेला असतो. त्यामुळे तक्ता करायला घेण्याआधी नोंदणीकृत कराराचा पूर्ण पीडीएफ, चलन आणि सूची क्रमांक दोन मागा. करारावर सही मुलीची आहे, तिने मागितलं तर नाही म्हणायचं कारण नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीच झाली नसेल, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, जोवर त्याउलट सिद्ध होत नाही. म्हणून तक्त्याच्या वर पहिल्याच ओळीत लिहा: "आधार: नोंदणीकृत प्रत" किंवा "आधार: मसुद्याचे स्क्रीनशॉट". हे स्क्रीनशॉट आणखी कुणाला दाखवणार असाल तर आधार क्रमांक, पॅन, फोटो आणि अंगठ्यांचे ठसे झाकून मगच दाखवा.

चित्रातला मजकूर उचलायला फोनमधली गूगल लेन्ससारखी सोय पुरते. वाक्यं ती चांगली वाचते, आकड्यांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्या करारांत रक्कम `28,000/-` अशी लिहितात. त्यातली तिरकी रेघ एक म्हणून वाचली जाते आणि रक्कम दहापट होते. रुपयाचं चिन्ह कधी २ किंवा ७ होऊन रकमेच्या पुढे चिकटतं. पुसट चित्रात ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात. म्हणून प्रत्येक रक्कम अक्षरी लिहिलेल्या रकमेशी ताडून बघा, आणि अक्षरी रक्कम नसेल तर चित्र मोठं करून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आकडे कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा हाताने टाइप करणं मला जास्त भरवशाचं वाटतं; चार कलमांत असे आकडे असतात तरी किती!

शोधताना एक अडचण येईल. `rent` हा शब्द टाकलात तर कदाचित काहीच सापडणार नाही, कारण लिव्ह अँड लायसन्स करार भाडेकरूचा हक्क निर्माण होऊ नये अशा बेताने लिहिलेला असतो. तिथे `license fee` किंवा `monthly compensation` असतं. वाढीसाठी `increase`, `enhanced`, `escalation` शोधा, आणि बाहेर पडण्यासाठी `vacate`, `revoke`, `notice in writing`, `lock in`. घरमालक `Licensor` असतो आणि तुमची मुलगी `Licensee`. वाचताना हे दोन शब्द अदलाबदल झाले की अटीचा अर्थच उलटा होतो, म्हणून तक्त्यात थेट "मालक" आणि "मुलगी" लिहा.

तुमचे स्क्रीनशॉट माझ्यापुढे नाहीत. तेव्हा माझ्याकडे नेहमी येतो त्या धाटणीचा एक करार घेऊन दाखवतो. तुम्ही त्यात तुमचे आकडे घाला. समजा करार २४ महिन्यांचा आहे, १ जुलै २०२५ ते ३० जून २०२७. दुसऱ्या कलमातल्या छोट्या तक्त्यात पहिले १२ महिने २८,००० आणि पुढचे १२ महिने २९,४०० रुपये आहेत. परत मिळणारं डिपॉझिट एक लाख. लॉक-इन सहा महिन्यांचं, नोटीस एक महिन्याची. आणि शेवटच्या "इतर अटीं"मध्ये कुणीतरी एक ओळ घातली आहे: बारा महिने पूर्ण झाल्यावर दहा टक्के वाढ.

भाड्याची ओळ सोपी आहे. रक्कम, कोणत्या तारखेच्या आत द्यायची, आणि मेंटेनन्स त्यात धरलाय की वेगळा. वीजबिल मुलीकडे असतंच. मेंटेनन्सचं वाक्य मात्र नीट वाचा, कारण नवी मुंबईत सोसायटीचा मेंटेनन्स काही हजारांत असतो आणि "भाडं २८,०००" या आकड्याचा खरा अर्थ त्यावर ठरतो.

लॉक-इन आणि नोटीस या दोन ओळी वेगवेगळ्या भरायच्या असल्या तरी एकत्र वाचाव्या लागतात. बहुतेक लोकांचं गणित इथेच चुकतं. साच्यातल्या लॉक-इनच्या कलमात साधारणपणे असं असतं की या काळात मालकाने घर सोडायला सांगायचं नाही आणि राहणाऱ्याने स्वतःहून सोडायचं नाही; राहणाऱ्याने सोडलंच तर लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांची लायसन्स फी भरायची. मालकाने बाहेर काढलं तर त्याने भरपाई द्यायची असंही असतं, पण ती किती हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. तुमच्या करारात ही अट दोघांवर आहे की फक्त मुलीवर, ते पाहा आणि तक्त्यात तसं लिहा. मालकाच्या बाजूचा आकडा नसेल तर "रक्कम दिलेली नाही" असंच लिहायचं. आपल्या अंदाजाने तिथे आकडा भरू नका.

आता "सहा महिने" असं लिहून थांबू नका, त्याची तारीख काढा. मोजणी करारावरच्या सहीच्या किंवा नोंदणीच्या दिवसापासून होत नाही, आणि चाव्या मिळाल्या त्या दिवसापासूनही नाही. कालावधीच्या कलमात जी सुरुवातीची तारीख आहे तिथून ती होते, कलमात स्पष्ट वेगळं म्हटलं नसेल तर. १ जुलैपासून सहा महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०२५. सुरुवात १० जुलैला असती तर लॉक-इन ९ जानेवारीला संपलं असतं, आणि जानेवारीच्या भाड्याचा वेगळाच हिशोब झाला असता.

मग खरा प्रश्न येतो. नोटीस लॉक-इन चालू असताना देता येते का, की लॉक-इन संपल्यावरच? कराराचं वाक्य "लॉक-इनच्या अटीला अधीन राहून, एक महिन्याची लेखी नोटीस देऊन" अशा घडणीचं असेल, तर ३० नोव्हेंबरपर्यंत नोटीस पोहोचवून ३१ डिसेंबरला घर सोडलं असं म्हणायला जागा आहे, कारण घर लॉक-इनच्या आत सोडलेलं नाही. पण वाक्य "लॉक-इन पूर्ण झाल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन" असं असेल, तर मालक म्हणेल की नोटीसच १ जानेवारी २०२६ पासून पुढे देता येते, म्हणजे लवकरात लवकर सुटका ३१ जानेवारीला. फरक एका महिन्याच्या भाड्याचा, २८,००० रुपयांचा. बदली जानेवारीतच असेल तर तुमच्यासाठी हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची. मूळ इंग्रजी वाक्य शब्दशः तक्त्याखाली उतरवून ठेवा. वाक्य दोन्हीकडे वाकत असेल तर दोन्ही तारखा लिहा आणि पुढे "शंका" म्हणा. सारांश करणाऱ्याने एक अर्थ निवडून टाकला की वाचणाऱ्याला शंका होती हे कळतच नाही, आणि तो सोयीच्या तारखेवर ट्रकवाल्याला आगाऊ पैसे देऊन बसतो.

आणखी एक फाटा आहे. मुलगी नोटीस न देता नोव्हेंबरअखेर निघाली, तर लॉक-इनचा उरलेला डिसेंबर आणि नोटिशीचा महिना असे दोन वेगळे महिने धरायचे, की एकातच दुसरा धरायचा? कराराने सांगितलं नसेल तर मालक डिपॉझिटमधून ५६,००० कापू बघेल आणि तुम्ही २८,००० म्हणाल. आधीच कळलं तर यातून वाट साधी आहे: नोटीस वेळेत द्यायची, म्हणजे दुसऱ्या महिन्याचा प्रश्नच उरत नाही. नोटीस लेखी हवी, हे जवळपास प्रत्येक करारात असतं. ती ईमेलने चालेल की पोस्टाने कराराच्या पत्त्यावर पाठवायची, याचं वाक्य असेल तर तेही नोटिशीच्या रकान्यात घ्या.

वाढीचं कलम वाचताना तीन गोष्टी बघायच्या: किती टक्के, कशावर आणि कधीपासून. "कधीपासून" मध्ये ११ आणि १२ महिन्यांचा घोळ असतो. कराराचा साचा पूर्वीच्या ११ महिन्यांच्या करारावरून उचललेला असतो आणि वाढीच्या ओळीत ११ तसेच राहून जातात. "कशावर" हा प्रश्न तिसऱ्या वर्षापासून येतो, म्हणजे ३६ महिन्यांच्या करारात. पाच टक्के चालू भाड्यावर धरले तर तिसऱ्या वर्षी ३०,८७०, मूळ भाड्यावर धरले तर ३०,८००. फरक थोडा, पण लिहून ठेवायला काय जातं? "कधीपासून"च्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: वाढ कराराच्या मुदतीतच लागू आहे की मुदत संपून नवा करार केला तर? "नूतनीकरणाच्या वेळी दहा टक्के" असं वाक्य असेल तर दोन वर्षं भाडं तेच राहतं. घाईत वाचणारा ते वाक्य दुसऱ्या वर्षाच्या रकान्यात टाकून देतो.

आपल्या उदाहरणात मात्र उघड विसंगती आहे. दुसऱ्या कलमाप्रमाणे १ जुलै २०२६ पासून २९,४००, म्हणजे पाच टक्के वाढ. इतर अटींप्रमाणे दहा टक्के, म्हणजे ३०,८००. महिन्याला १,४०० आणि वर्षाला १६,८०० रुपयांचा फरक. इथे मुद्रांक शुल्काचं चलन कामाला येतं, आणि म्हणूनच मी ते सुरुवातीला मागायला सांगितलं. महाराष्ट्रात अशा करारावर शुल्क ०.२५ टक्के असतं. ते संपूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या दोन्हींच्या बेरजेवर काढतात. परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर तेही मिळवतात.

पाच टक्के धरून बघू. पहिल्या वर्षाचं भाडं ३,३६,०००, दुसऱ्या वर्षाचं ३,५२,८००, मिळून ६,८८,८००. डिपॉझिटवरचं दोन वर्षांचं व्याज २०,०००. बेरीज ७,०८,८००, आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे १,७७२ रुपये. दहा टक्के वाढ धरली तर दुसरं वर्ष ३,६९,६०० चं होतं, बेरीज ७,२५,६०० आणि शुल्क १,८१४. चलनावर रक्कम बहुधा पुढच्या शंभरापर्यंत पूर्ण केलेली दिसते, म्हणजे एकीकडे १,८०० आणि दुसरीकडे १,९००. चलनावर १,८०० असतील तर नोंदणी करताना दहा टक्के वाढ भरलेली नव्हती. नोंदणी फी वेगळी असते, महापालिका हद्दीत १,००० रुपये. ती यात मिसळू नका, नाहीतर काहीच जुळणार नाही.

या ताळ्याची मर्यादाही नीट कळायला हवी. शंभर रुपयांत पूर्ण केल्यामुळे तो बारीक फरक पकडत नाही. भाडं दोन्ही वर्षं २८,००० च असतं, तरी हिशोब १,७३० येतो आणि चलनावर १,८०० च दिसतात. म्हणजे "पाच टक्के की शून्य" हे चलन सांगू शकत नाही, "पाच की दहा" हे या आकड्यांत सांगतं. मोठ्या चुका मात्र ते हमखास पकडतं. फोनने २८,००० चे २३,००० वाचले असते तर पाच टक्के वाढीसह हिशोब १,४६५ च्या आसपास आला असता आणि चलनाशी तीनशेचा फरक पडला असता. दुसरं असं की शुल्क निघतं ते नोंदणीच्या वेळी भरलेल्या रकमांवरून, म्हणजे दुसऱ्या कलमातल्या तक्त्यावरून. इतर अटींतली ओळ त्यात मोजलीच जात नाही. त्यामुळे चलनावरून नोंदणीत काय भरलं गेलं तेवढं कळतं. मालक दहा टक्क्यांची ओळ पुढे करणारच नाही, याची हमी त्यातून मिळत नाही. सूची क्रमांक दोनवरही भाडं, डिपॉझिट आणि मुदत ताडून बघा.

एवढं झालं की तक्ता असा दिसेल.

| मुद्दा | साध्या भाषेत | कुठे लिहिलंय | स्पष्ट की शंका |
|---|---|---|---|
| मुदत | १ जुलै २०२५ ते ३० जून २०२७ | कलम १, चित्र २ | स्पष्ट |
| भाडं | पहिलं वर्ष महिना २८,०००. प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेच्या आत | कलम २, चित्र ३ | स्पष्ट |
| वाढ | १ जुलै २०२६ पासून २९,४०० (५ टक्के) की ३०,८०० (१० टक्के) | कलम २, चित्र ३ आणि इतर अटी, चित्र १० | शंका. चलन १,८००, म्हणजे १० टक्क्यांशी जुळत नाही |
| लॉक-इन | ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, दोघांवर. मुलगी आधी निघाली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं | कलम १२, चित्र ९ | मालकाने द्यायच्या भरपाईची रक्कम दिलेली नाही |
| नोटीस | १ महिना, लेखी. लवकरात लवकर ३१ डिसेंबर २०२५ किंवा ३१ जानेवारी २०२६ | कलम ९, चित्र ८ | शंका. मूळ वाक्य खाली दिलंय |

मुदतीची ओळ तुम्ही मागितली नव्हती, तरी ठेवा. शेवटच्या तारखेनंतर राहिलं तर कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट लायसन्स फीच्या दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, त्यामुळे ती तारीख घरात सगळ्यांना ठाऊक हवी. "कुठे लिहिलंय" हा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण तो गाळू नका. सहा महिन्यांनी मालकाशी फोनवर बोलताना मुलीला अकरा चित्रं चाळत बसायला नको. तिने "कलम नऊ, आठवं चित्र" म्हणावं आणि समोरच्याने उघडून बघावं. कलमात जे नाही त्या रकान्यात "करारात नाही" एवढेच शब्द लिहा. रिकामी जागा ठेवलीत तर बघायचं राहिलं की नव्हतंच, हे पुढे तुम्हालाही आठवणार नाही.

एका ओळीत दोनपेक्षा जास्त आकडे येऊ लागले तर ओळ फोडा. माझ्या मते भाडं आणि वाढ यांची एकच ओळ करणं ही सगळ्यात वाईट सोय, कारण मग शंका नेमकी कशावर आहे तेच दिसत नाही.

शंकेच्या ओळी मालकाला लेखी विचारून घ्या, आणि बदलीचा विषय काढायच्या आधीच विचारा. मुलीने तिच्या फोनवरून असा निरोप पाठवला तरी पुरे: "काका, कराराच्या कलम २ मध्ये पुढच्या जुलैपासून २९,४०० लिहिलंय आणि इतर अटींत दहा टक्के. आपण २९,४०० धरतोय ना? आणि लॉक-इन ३१ डिसेंबरला संपतं, तर नोटीस त्याआधी दिलेली चालेल का, की १ जानेवारीनंतरच? दोन्हीचं उत्तर इथेच लिहून द्याल का?" मालक उत्तरादाखल फोन करेल. बोलणं झाल्यावर त्यातली तारीख आणि रक्कम त्याच निरोपाखाली लिहून पाठवायची आणि त्याचा "हो" घ्यायचा. मग तक्त्यातलं "शंका" खोडायचं आणि त्या जागी लिहायचं: "मालकाने अमुक तारखेला व्हॉट्सॲपवर मान्य केलं". कराराचा मूळ मजकूर मात्र त्या ओळीखाली तसाच राहू द्या. असा निरोप पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण त्याने नोंदलेला करार बदलत नाही. दहा टक्क्यांची ओळ खरोखर काढून टाकायची असेल तर त्यासाठी दुरुस्तीचा दस्त नोंदवावा लागेल.